सव्वादहा वाजता दिवस कितपत कळतो

प्रश्न: "सर, मी इचलकरंजीचा. दीड वर्ष झालं, निफ्टी फ्युचर्समध्ये इंट्राडे करतोय. पहिल्या तासाचा हाय किंवा लो तुटला की ट्रेड घेतो. तीन दिवस दोन्हीकडचे स्टॉप उडतात. चौथ्या दिवशी चिडून उलटा ट्रेड घेतो, आणि नेमकं त्याच दिवशी मार्केट एकाच दिशेनं पळतं. आज ट्रेंड डे आहे की रेंज डे, हे सव्वादहाला कळू शकतं का?"

उत्तर: पूर्ण कळत नाही. पण तुमचं नुकसान त्यामुळे होत नाहीये. तुम्ही कालच्या दिवसावर आजचा ट्रेड घेताय. काल ब्रेकआऊट फसला म्हणून आज उलटा, आज उलटा फसला म्हणून उद्या परत ब्रेकआऊट. दोन्ही पद्धती आपापल्या दिवशी बरोबर आहेत, तुमची अदलाबदल फक्त एक दिवस उशिरा होते. पहिला तास नीट वाचला तर ती अदलाबदल त्याच दिवशी करता येते. सगळ्या दिवशी नाही, पण पुरेशा दिवशी.

माझ्या वहीत साधारण असं दिसतं: महिन्यातल्या वीस-बावीस दिवसांत स्वच्छ ट्रेंड डे, म्हणजे भाव दिवसभर एकाच दिशेनं सरकतो ते, तीन किंवा चार. बाकीचे दिवस रेंजचे, म्हणजे भाव एकाच पट्ट्यात वर-खाली होतो ते, नाहीतर अर्धवट. म्हणून सव्वादहाला काहीच कळत नसेल तर माझा अंदाज रेंजकडे झुकलेला असतो, आणि ट्रेंडला पुरावा मागावा लागतो. प्रत्येकाचा काळ वेगळा असतो. बाजारात भीती असते तेव्हा हेच प्रमाण बदलतं. माझे आकडे उचलू नका, तुमच्या वहीत मोजा.

पहिल्या तासाची कल्पना आपल्याकडची नाही. पीटर स्टाइडलमायर नावाच्या शिकागोच्या ट्रेडरनं १९८० च्या दशकात शिकागो बोर्ड ऑफ ट्रेडमध्ये मार्केट प्रोफाइल मांडलं, त्यात पहिल्या तासाच्या पट्ट्याला 'इनिशियल बॅलन्स' म्हणतात. तिथं पिटमधले ट्रेडर पहिल्या तासात हात चाचपून भाव कुठं मानवतो ते ठरवायचे. आपल्या कोल्हापुरात हे समजवायला खासबाग मैदान पुरतं. सलामी झाली की पैलवान लगेच डाव टाकत नाहीत, आधी खडाखडी होते. हात पकडून, मान दाबून समोरच्याचं बळ बघायचं. जाणता प्रेक्षक खडाखडीवरूनच ओळखतो की ही कुस्ती लांबणार की झटपट निकाली निघणार. चुकतो कधीकधी, पण दर वेळी नाही.

पहिला तास सव्वादहाला संपतो. तेव्हा मी फक्त तीन गोष्टी बघतो.

पहिली, पट्ट्याची रुंदी. पहिल्या तासाचा हाय वजा लो, आणि त्याची तुलना गेल्या दहा दिवसांच्या सरासरी दिवसभराच्या रेंजशी. निफ्टी रोज सरासरी २१० पॉइंट फिरत असेल आणि पहिल्या तासातच १३० झाले असतील, तर दिवसाचं बरंचसं काम उरकलंय. तिथून हाय तोडून आणखी दीडशे जायला बाजाराला काही तरी नवं कारण लागेल. उलट तासाभरात फक्त ७० झाले असतील तर दिवसाच्या पोटात अजून बरंच शिल्लक आहे, आणि पट्टा अरुंद असल्यामुळे थोड्या जोरानंही तो तुटतो. माझ्यापुरतं मी असं धरतो: सरासरीच्या चाळीस टक्क्यांच्या आत असेल तर ट्रेंडची शक्यता उघडी, साठच्या वर गेलं तर रेंज, आणि मधलं काही सांगत नाही. मधलं असेल तेव्हा ते जबरदस्तीनं कुठल्या तरी बाजूला ढकलू नका.

दुसरी गोष्ट रुंदीहून मोठी: तो तास बनला कसा. ७० पॉइंटचा पट्टा दोन प्रकारे तयार होतो. एकात भाव चारदा वर-खाली जाऊन मध्यावर येऊन बसतो. दुसऱ्यात भाव एका टोकाला उघडतो आणि हळूहळू दुसऱ्या टोकाला सरकतो, मागं आला तरी वीस-पंचवीस पॉइंटच येतो. पहिला प्रकार म्हणजे दोघेही समाधानी आहेत. दुसरा म्हणजे एक बाजू घाईत आहे, पण आरडाओरड करत नाही. हे बघायला मी व्हीवॅप वापरतो, म्हणजे व्हॉल्यूमचं वजन देऊन काढलेला दिवसाचा सरासरी भाव. तासाभरात भावानं व्हीवॅप किती वेळा ओलांडला आणि ती रेघ आडवी आहे की तिरकी, एवढंच. एक बारीक गोष्ट सांगतो, कारण यात बरेच जण फसतात. व्हीवॅपला व्हॉल्यूम लागतो आणि निफ्टी हा इंडेक्स आहे, त्याला स्वतःचा खरा व्हॉल्यूम नाही. म्हणून व्हीवॅप फ्युचर्सच्या चार्टवर लावा. खाली मी दिलेले आकडेही फ्युचर्सचेच धरा.

तिसरी, उघडणं कुठं झालं. कालच्या रेंजच्या आत उघडलं तर कालचेच लोक कालच्याच भावावर वाद घालणार. बाहेर उघडलं आणि तासभर परत आत यायला तयार नसेल, तर कालचा भाव कुणाला तरी चुकीचा वाटतोय. गॅप स्वतः पुरावा नाही. गॅप उघडून दहा मिनिटांत भरला तर तो रेंज डेचाच नमुना. गॅप टिकतोय का, हे बघायचं.

या तिन्हींच्या जोडीला मी निफ्टीतल्या पन्नास शेअरांवर एक नजर टाकतो, अर्धा मिनिट. एचडीएफसी बँक, आयसीआयसीआय बँक, रिलायन्स एकाच दिशेला आहेत का? की बँका वर ओढताहेत आणि आयटी खाली? अशी ओढाताण असली की इंडेक्स जागच्या जागी घुटमळतो.

आता लागोपाठचे दोन दिवस उलगडतो. आकडे समजायला सोपे जावेत म्हणून गोल केलेत. दहा दिवसांची सरासरी दोन्ही दिवशी २१०.

पहिला दिवस. फ्युचर २४,७८० ला उघडला, कालच्या रेंजच्या आत. पंधरा मिनिटांत २४,८३० पर्यंत गेला, तिथून घसरून पावणेदहाच्या पुढं २४,७०० ला, आणि सव्वादहाला २४,७६५. पट्टा १३० पॉइंटचा, म्हणजे सरासरीच्या बासष्ट टक्के. व्हीवॅप चारदा ओलांडला आणि २४,७६८ च्या आसपास आडवा पडलेला. बँका हिरव्या, आयटी लाल. तिन्ही खुणा रेंजच्या.

दहा पन्नासला २४,८३० तुटला. तुमच्यासारखा ब्रेकआऊटवाला इथं २४,८३३ ला घेणार, स्टॉप २४,८०० ला. भाव २४,८४२ पर्यंत गेला आणि पाच मिनिटांची कॅण्डल परत पट्ट्याच्या आत, २४,८२६ ला बंद झाली. मला हीच कॅण्डल हवी होती. तुटण्याच्या क्षणी मी विकत नाही, कारण खरा ब्रेकआऊट असेल तर मी गाडीखाली येईन. बाहेर जाऊन परत आत बंद झाला की मगच. २४,८२५ ला विकला, स्टॉप २४,८५२, म्हणजे सत्तावीस पॉइंट. अर्धा माल व्हीवॅपला, २४,७६८ ला कापला. उरलेला २४,७१५ ला, लोच्या थोडा अलीकडे. अगदी लोची वाट बघत बसायचं नाही, रेंज डेला टोकाचे पंधरा पॉइंट दुसऱ्यासाठी सोडायचे. एका बाजूला सत्तावन्न आणि दुसऱ्या बाजूला एकशे दहा, सरासरी त्र्याऐंशीच्या आसपास. पुढं दुपारी भाव २४,६९० पर्यंत जाऊन परत फिरला आणि मध्यावर बंद झाला. ब्रेकआऊटवाल्यानं वर तेहेतीस घालवले आणि खाली २४,६९८ ला विकून २४,७३५ च्या स्टॉपला सदतीस. मार्केट दिवसभरात फिरलं १५२ पॉइंट, आणि ह्यानं दिले सत्तर. तुमचे ते तीन दिवस असेच गेले असणार.

दुसरा दिवस. फ्युचर २४,८७० ला उघडला, कालच्या हायच्या म्हणजे २४,८४२ च्या वर. पहिल्या पाच मिनिटांत २४,८५० पर्यंत खाली आला आणि कालच्या रेंजमध्ये पाय न ठेवताच परत फिरला. मग सावकाश वर सरकत सव्वादहापर्यंत २४,९१८. पट्टा ६८ पॉइंटचा, सरासरीच्या बत्तीस टक्के. पहिल्या दहा मिनिटांनंतर एकाही कॅण्डलनं व्हीवॅपच्या खाली बंद दिला नाही, व्हीवॅप तिरका वर, आणि बँका, रिलायन्स, ऑटो सगळे एकाच बाजूला. बघायला कंटाळवाणा तास. ट्रेंड डेचा पहिला तास असाच असतो बरेचदा, त्यात नाट्य नसतं. नाट्य बघायला सवकलेल्या डोळ्याला वाटतं, "एवढं वर गेलंय, आता किती जाणार."

दहा चाळीसला कॅण्डल २४,९३० ला बंद झाली. इथंही मी लगेच उडी मारली नाही. दहा पंचावन्नला भाव २४,९१२ पर्यंत मागं आला, म्हणजे तुटलेल्या हायच्या थोडा आत, आणि कॅण्डल मात्र २४,९२० च्या वर बंद झाली. काल बाहेर जाऊन आत बंद झाला होता, आज आत डोकावून बाहेर बंद झाला. माझ्या सगळ्या पद्धतीत याहून मोठा भेद नाही. २४,९२२ ला घेतला, स्टॉप २४,८८८, व्हीवॅपच्या जरा खाली, चौतीस पॉइंट.

टार्गेट लावलं नाही. कालच्यासारखे सत्तावन्न पॉइंट घेऊन २४,९७९ ला बाहेर पडलो असतो, तर बारा वाजायच्या आत माझा दिवस संपला असता. ट्रेंड डेला मी पंधरा मिनिटांच्या चार्टवरचा शेवटचा खड्डा धरतो आणि स्टॉप त्याच्या खाली सरकवतो. बाराला भाव २४,९८५ वरून २४,९५८ ला आला आणि उठला, तेव्हा स्टॉप २४,९५० ला नेला. पावणेदोनला २५,०४० वरून २५,०१२, तेव्हा स्टॉप २५,००५ ला. दोन्ही स्टॉप शिवले गेले नाहीत. तीन दहाला २५,०५५ ला बाहेर पडलो. १३३ पॉइंट, चौतीसच्या धोक्यावर जवळपास चौपट. हाय २५,०८५ चा झाला, तो माझा नव्हता.

आता याच दिवशी चिडून उलटा गेलेला माणूस बघा. २४,९२५ ला विकला, पंचवीसचा स्टॉप गेला. २४,९६५ ला परत विकला, परत पंचवीस. तिसऱ्यांदा २५,०१० ला विकला आणि "आता काय होणार अजून" म्हणून स्टॉपच काढला. असाच माणूस मी स्वतः होतो, अनेक वर्षांपूर्वी. तेव्हा मी तिसऱ्यानंतर चौथा लॉटही वाढवला होता, सरासरी चांगली व्हावी म्हणून. साडेतीनच्या आधी ब्रोकरच्या यंत्रणेनं इंट्राडे पोझिशन आपोआप कापली, दिवसाच्या हायजवळ. संध्याकाळी रंकाळ्यावर दोन फेऱ्या मारल्या तरी घरी जायचं धाडस होत नव्हतं. त्या दिवसापासून वहीत एक नियम आहे: एकाच टोकाला दोनदा उलटा ट्रेड घेतला आणि दोन्ही स्टॉप गेले, तर तो दिवस माझ्यासाठी ट्रेंड डे. मला पटो न पटो. त्यानंतर ट्रेंडच्या बाजूनं घेईन किंवा टर्मिनल बंद करीन, पण तिसऱ्यांदा उलटा नाही.

हे वाचून वाटेल की दोन साचे आहेत आणि दिवस कुठल्या तरी एकात बसतो. तसं नाही. सगळ्यात जास्त पैसे जातात ते अरुंद पण दोन्हीकडे फिरलेल्या पहिल्या तासात. पट्टा पस्तीस टक्के, म्हणून ट्रेंडची आशा, पण व्हीवॅप आडवा आणि पाचदा ओलांडलेला. अशा दिवशी रुंदी एक सांगते आणि घडण दुसरं. तेव्हा मी घडणीचं ऐकतो आणि साडेअकरापर्यंत काही करत नाही. पंधरा मिनिटांच्या दोन कॅण्डल लागोपाठ पट्ट्याबाहेर बंद झाल्या तरच त्या बाजूनं जातो, तेही नेहमीच्या निम्म्या मालानं. उशीर होतो, वीस-तीस पॉइंट सुटतात. सुटू द्यावेत.

दुसरी अडचण दुपारची. सकाळभर सुंदर रेंज असते, दोन उलटे ट्रेड चांगले जातात, आणि एक-दीडच्या सुमारास युरोपचे बाजार उघडले की पट्टा फुटतो. लंडन उन्हाळ्यात आपल्या साडेबाराला उघडतं, हिवाळ्यात दीडला. त्यामुळे दीडनंतर मी रेंजच्या टोकाला नवा उलटा ट्रेड घेत नाही, सकाळी कितीही छान चालला असला तरी. फुटायच्या आधी एक खूण बरेचदा मिळते: भाव वरच्या टोकाला तिसऱ्यांदा येतो, पण मधल्या वेळात खालच्या टोकापर्यंत गेलेलाच नसतो. व्हीवॅपवरूनच परत उठलेला असतो. विकणारे थकले की असं होतं. माझे वडील मार्केट यार्डात गुळाची अडत करायचे. ते म्हणायचे, सौद्यात घेणारा एकदा मागं सरकला की भाव पडतो, पण घेणारा मागं न सरकता उभा राहिला तर पुढच्या ढिगाला भाव चढतो. ढीग गुळाचा असो की निफ्टीचा, उभं राहणाऱ्याकडे बघायचं.

तुम्ही फ्युचर्स करता म्हणून ऑप्शनचं फार लिहीत नाही. एवढंच सांगतो की रेंज डेला ऑप्शन विकत घेणाऱ्याची दिशा बरोबर आली तरी पैसे येत नाहीत, कारण भाव पोचेपर्यंत प्रीमियम वितळलेला असतो. माझे एक मित्र पहिला तास साठ टक्क्यांच्या वर गेला की त्या दिवशी ऑप्शन विकत घेतच नाहीत. मला ते पटतं.

माल किती ठेवायचा हेही बदलतं. रेंज डेला मी पूर्ण माल एकदम घेतो, कारण स्टॉप जवळ असतो आणि टार्गेट माहीत असतं, आणि अर्धा मध्यावर कापतो. ट्रेंड डेला अर्ध्यावर सुरू करतो आणि पहिला खड्डा टिकला की बाकीचा घेतो. दुसऱ्या दिवसाच्या उदाहरणात हे केलं असतं तर दुसरा अर्धा बाराच्या सुमारास २४,९७० ला मिळाला असता. महाग, पण तोवर पहिल्या अर्ध्याचा स्टॉप घेतल्या भावाच्या वर आलेला असतो, त्यामुळे एकूण धोका वाढत नाही. नवखे लोक बरोबर उलटं करतात: ट्रेंड डेला नफा झटकन कापतात आणि रेंज डेला "आज पळणार" म्हणून धरून बसतात.

काही दिवशी हे सगळं बाजूला ठेवायचं. रिझर्व्ह बँकेचं पतधोरण सकाळी दहाला जाहीर होतं, म्हणजे पहिल्या तासाच्या बरोबर पोटात. पावणेदहापर्यंत लोक हात बांधून बसलेले असतात, पट्टा मुद्दाम अरुंद दिसतो, आणि दहाला दोन्ही बाजूंना फटका मारतो. त्या दिवशी मी साडेदहापासून नवा तास मोजतो, साडेअकरापर्यंत. बजेटच्या दिवशी भाषण अकराला सुरू होतं, म्हणून सकाळचा पट्टा मी वहीत लिहितसुद्धा नाही. निवडणूक निकालाचे दिवस तर वेगळेच. ४ जून २०२४ ला निफ्टी एका दिवसात जवळपास सहा टक्के पडला होता. अशा दिवशी दहा दिवसांची सरासरी घेऊन बसणं म्हणजे पंचगंगेला पूर आलाय आणि आपण घाटाच्या पायऱ्या मोजतोय.

मंगळवारचंही थोडं निराळं आहे. सप्टेंबर २०२५ पासून निफ्टीची साप्ताहिक एक्स्पायरी मंगळवारी असते, आणि त्या दिवशी दुपारी भाव एखाद्या स्ट्राइकभोवती चिकटून राहतो किंवा अडीचनंतर एकदम सुटतो. म्हणून मंगळवारच्या पहिल्या तासाची तुलना मी आधीच्या आठ-दहा मंगळवारांशी करतो, सगळ्या दिवसांच्या सरासरीशी नाही.

तुम्ही आता काय करायचं विचाराल, तर पुढचे वीस दिवस नेहमीच्या निम्म्यानं किंवा कागदावर ट्रेड करा. सव्वादहाला वहीत चार आकडे उतरवा: पट्ट्याची रुंदी, सरासरीशी टक्केवारी, व्हीवॅप किती वेळा ओलांडला, आणि उघडणं कालच्या आत की बाहेर. त्यापुढं एकच शब्द: ट्रेंड, रेंज किंवा माहीत नाही. साडेतीनला पाचवा आकडा, दिवसाची एकूण रेंज आणि बंद कुठं झाला ते. ट्रेंड डेला बंद दिवसाच्या टोकाजवळ असतो, रेंज डेला मध्याकडे, त्यामुळे निकाल वादाचा राहत नाही. सव्वादहाला लिहिलेला शब्द नंतर खोडायचा नाही, पेनानं लिहा. वीस दिवसांनी ती वही घेऊन या, तुमच्या "माहीत नाही"च्या दिवसांत तुम्ही किती ट्रेड घेतलेत ते आधी बघू.